सुपरपोझिशन लावताना डिपेंडंट सोर्स बंद करायचा की चालू ठेवायचा?

सायली_नांदेड

नमस्कार. मी सेकंड इयर ईएनटीसीला आहे. एका गणितावर दोन दिवस अडले आहे, म्हणून धागा काढतेय.

सर्किट असं आहे. डावीकडे 12 व्होल्टचा सोर्स, त्याच्या प्लसपासून 4 ओहम, मग नोड A. या 4 ओहममधून A कडे जाणारा करंट म्हणजे ix. A मध्ये खालून 3 अँपिअर ढकलणारा करंट सोर्स आहे. A पासूनच एक 2 ओहम खाली येतो आणि त्याच्याखाली 2ix व्होल्टचा डिपेंडंट सोर्स, प्लस वरच्या बाजूला. खालची तार सगळ्यांची एकच, तीच ग्राउंड. ix काढायचा आहे, तोही सुपरपोझिशननेच.

मी काय केलं ते सांगते. "एका वेळी एकच सोर्स, बाकी बंद" हे डोक्यात पक्कं होतं, म्हणून 12 व्होल्ट ठेवून करंट सोर्स ओपन केला आणि डिपेंडंट सोर्सच्या जागी तार टाकली. 12 भागिले 6, म्हणजे 2 अँपिअर. मग 12 व्होल्ट शॉर्ट करून 3 अँपिअर ठेवला, तेव्हा ix = −1. शेवटी डिपेंडंट एकटा ठेवला तर ix = −2ix/6 असं समीकरण आलं, म्हणजे ix शून्य. बेरीज 1 अँपिअर. उत्तर मात्र 0.75 दिलंय. नोडल लावून पाहिलं तरी 0.75 च येतं, म्हणजे चूक माझीच आहे. पण तिन्ही सोर्स एकेकदा घेऊनही बेरीज का चुकते, ते काही केल्या कळत नाहीये.

रोहन_७

डिपेंडंट सोर्स कधीच बंद करायचा नसतो, एवढं लक्षात ठेव. त्याच्याकडे स्वतःची ऊर्जा नसते, तो रेझिस्टरसारखाच एक पार्ट आहे. दोन्ही वेळा तो तसाच राहू दे.

फक्त 12 व्होल्ट: 12 − 4ix − 2ix − 2ix = 0, म्हणून ix = 1.5.
फक्त 3 अँपिअर: −4ix − 2(ix + 3) − 2ix = 0, म्हणून ix = −0.75.
बेरीज 0.75. झालं. डिपेंडंटला एकट्याने चालवायचा प्रश्नच येत नाही, ते थिअरमच्या विरुद्ध आहे.

अण्णा_वायरमन

विषय सोर्स बंद करण्याचा आहे म्हणून लिहितो. मी तीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. आमच्याकडे लाइन आणि जनरेटर असे दोन सोर्स असतात. एक बंद केला की चेंजओव्हर स्विचने तो पूर्ण तोडायचा, दुसऱ्याला जोडलेला राहता कामा नये, नाहीतर जनरेटरचा करंट उलटा लाइनवर जातो आणि खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. आणि इथे तुम्ही बंद सोर्सच्या जागी तार टाकताय! असं कोणी सोर्स शॉर्ट करतं का? पोरांनी हे वाचून खरोखर करून पाहिलं तर?

जुने_मास्तर

अण्णा, तुमची काळजी रास्त आहे. चालू सोर्सच्या टोकांवर कोणीही तार टाकायची नाही. इथे सोर्स कागदावरून काढून घेतलाय आणि त्याच्या रिकाम्या जागी तार काढलीय. तुम्ही सांगताय ते सोर्स वेगळा करणं, हे चाललंय ते सोर्सचं मूल्य शून्य करणं. आदर्श व्होल्टेज सोर्सचं काम एकच: करंट कितीही जावो, आपल्या टोकांमधला व्होल्टेज ठरलेला राखायचा. ठरलेला आकडा शून्य झाला की करंट कितीही गेला तरी टोकांमध्ये शून्य व्होल्ट. अशी वस्तू म्हणजे तारच. करंट सोर्सचंही तसंच. व्होल्टेज कितीही असो, ठरलेला करंट सोडायचा. तो शून्य झाला की कितीही व्होल्टेज पडला तरी करंट नाही, म्हणजे तुटलेली वाट. सोर्सला अंतर्गत रेझिस्टन्स दाखवलेला असेल तर तो मात्र जागेवरच राहतो, फक्त आतला आदर्श भाग शून्य होतो.

आता सायली, तुझ्या गणिताकडे. आधी तुझं 1 अँपिअरचं उत्तर सर्किटमध्ये परत घालून बघ. ix = 1 असेल तर 4 ओहमवर 4 व्होल्ट पडले, A वर 8 राहिले. 2 ओहममधून 1 + 3 म्हणजे 4 अँपिअर जाणार, त्यावर 8 व्होल्ट. खाली डिपेंडंट सोर्स 2ix म्हणजे 2 व्होल्ट. खालून मोजलं तर A वर 10 आणि डावीकडून मोजलं तर 8. दोन व्होल्टचा फरक पडतोय, आणि हा फरक नेमका डिपेंडंट सोर्सएवढाच आहे. म्हणजे तुझ्या बेरजेत तो कुठेच उतरलेला नाही. परीक्षेत ही पडताळणी अर्ध्या मिनिटात होते, ती करायची सवय लाव.

तो का उतरला नाही, ते तुझ्या तिसऱ्या पायरीत दिसतं. डिपेंडंट एकटा ठेवल्यावर तू त्याचं मूल्य 2ix लिहिलंस, आणि तो ix त्याच अर्धवट सर्किटमधला घेतलास. पण खऱ्या सर्किटमध्ये त्या सोर्सला हुकूम देणारा करंट 12 व्होल्ट आणि 3 अँपिअर या दोघांनी मिळून तयार झालेला आहे. तू त्या दोघांना बाजूला काढून सोर्सला विचारलंस, "तुझा तूच किती करंट करतोस?" तो म्हणाला, शून्य. बरोबरच आहे, त्याला हुकूम द्यायला कोणी उरलंच नाही.

सायली_नांदेड

सर, ते 8 आणि 10 पाहिल्यावर लख्ख कळलं. पण मग रोहनने केलं त्यात दोन्ही वेळा अर्धवट ix च वापरलाय ना? पहिल्यांदा 2 गुणिले 1.5, म्हणजे 3 व्होल्ट. दुसऱ्यांदा 2 गुणिले −0.75, म्हणजे −1.5. त्याचं कसं चाललं?

जुने_मास्तर

हाच प्रश्न यायला हवा होता. त्या 3 आणि −1.5 ची बेरीज कर. 1.5 व्होल्ट. खऱ्या सर्किटमध्ये डिपेंडंट सोर्सचा व्होल्टेज किती? 2 × 0.75, म्हणजे 1.5. जुळलं. नियम सरळ गुणाकाराचा आहे, म्हणून ix चे दोन तुकडे केले की सोर्सचेही त्याच प्रमाणात दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा आपापल्या अर्धवट सर्किटमध्ये बसतो, एकही बाहेर राहत नाही आणि एकही दोनदा धरला जात नाही.

रोहनचं उत्तर बरोबर, कारण मात्र अर्धंच बरोबर. डिपेंडंट सोर्स चालू ठेवायचा तो त्याच्याकडे ऊर्जा नाही म्हणून नव्हे. तो सर्किटला पॉवर देऊ शकतो, ॲम्प्लिफायर तेच करतो. चालू ठेवायचा तो यासाठी की त्याचं मूल्य आपण बाहेरून दिलेलं नाही, ते सर्किटमधल्या दोन राशींचं नातं आहे. 12 चा 0 केला तर आपण दिलेली राशी बदलली. 2ix चा 0 केला तर समीकरणाची डावी बाजूच बदलली, म्हणजे सर्किटच दुसरं झालं. तुझे 2 आणि −1 हे त्या दुसऱ्या सर्किटचं बिनचूक उत्तर आहे!

रोहन_७

मान्य, ऊर्जेचं चुकलं. पण मग डिपेंडंटला एकटा चालवणं चूकच ना?

जुने_मास्तर

नाही. तेही चालतं, फक्त एक पथ्य पाळायचं. तो एकटा असताना त्याचं मूल्य 2ix लिहायचं नाही. E लिहायचं, एक अनोळखी आकडा. तो बाहेरून दिलाय असं समजायचं आणि तिघांना एकेकदा चालवायचं.

12 व्होल्टमुळे 2. तीन अँपिअरमुळे −1. E मुळे −E/6, कारण तो 6 ओहमच्या वाटेवर उलटा ढकलतोय. आता बेरीज:

ix = 2 − 1 − E/6

आणि आत्ताच, आधी नाही, E = 2ix घालायचं. इथला ix पूर्ण आहे. ix = 1 − ix/3, म्हणून ix = 0.75.

सायली, यातले 2 आणि −1 तुझेच आहेत बघ. तू रस्ता बरोबर धरला होतास, शेवटच्या पायरीत E ऐवजी 2ix लिहिलंस तिथे घसरलीस. ही रीत चुकीची समजून बरेच जण सोडून देतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकचे प्राध्यापक मार्शल लीच यांनी ती आग्रहाने मांडली होती. डिपेंडंट सोर्स दोन-तीन असले की मला हीच सोपी वाटते, कारण प्रत्येक तुकड्यात नुसते रेझिस्टर उरतात, करंट किंवा व्होल्टेज विभागला की काम झालं. चालू ठेवायच्या रीतीत दर वेळी पुन्हा समीकरण सोडवावं लागतं, मग सुपरपोझिशन करून मिळवलं काय?

घोळ होतो तो दोन्ही रीतींची सरमिसळ केली की. अर्धवट सर्किटमध्ये चालू ठेवलास तर हुकूम अर्धवट ix चा. एकटा चालवलास तर हुकूम पूर्ण ix चा.

रोहन_७

आमच्याकडे परीक्षेत ही रीत लिहिली तर मार्क कापतील अशी भीती वाटते. चालू ठेवायची रीतच सगळीकडे शिकवतात.

जुने_मास्तर

ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तपासणाऱ्यावर आहे. मी तपासत असताना पूर्ण मार्क दिले असते, पण सगळ्यांच्या वतीने कसं सांगू?

मेघना_पुणे

मी ॲनालॉग डिझाइनमध्ये काम करते. हा घोळ वर्गातच राहत नाही, नवीन इंजिनिअरही करतात, म्हणून एक उदाहरण देते.

ट्रान्झिस्टरचा आउटपुट रेझिस्टन्स काढायचा आहे. इनपुटचा सिग्नल सोर्स शून्य करतो, म्हणजे बेस ग्राउंडला. सप्लायही सिग्नलच्या दृष्टीने ग्राउंड. कलेक्टरला आपला टेस्ट सोर्स लावतो. आता मॉडेलमधल्या gm·vπ या डिपेंडंट करंट सोर्सचं काय? एमिटर सरळ ग्राउंडला असेल तर बेस आणि एमिटर दोन्ही शून्यावर, vπ शून्य, सोर्स आपोआप शून्य. आपण त्याला बंद केलेलं नसतं, त्याला हुकूमच मिळत नाही. कलेक्टरमध्ये पाहिलं की नुसता ro दिसतो. हे एकदा पाहिलं की पोरं मनात नियम करतात, "इनपुट बंद तर gm चा सोर्सही बंद".

मग एमिटरला बायपास न केलेला 1 किलोओहम येतो. आता टेस्ट करंट त्यातून खाली जातो, एमिटर वर उचलला जातो, बेस ग्राउंडलाच आहे, म्हणजे vπ उणे होतो आणि डिपेंडंट सोर्स जिवंत होतो. कलेक्टर करंट 1 मिलिअँपिअर, gm 0.04, rπ अडीच किलो, ro 100 किलो धरला तर खरा आउटपुट रेझिस्टन्स जवळपास 30 लाख ओहम येतो. डिपेंडंट सोर्स खोडून काढला तर उत्तर येतं एक लाखाच्या थोडं वर. तीसपटीची चूक, आणि कागदावर काहीच खटकत नाही. आमच्याकडे एका करंट मिररच्या हिशोबात हे झालं होतं. सिम्युलेशनचा आकडा जुळेना, आणि दोन दिवस मॉडेल फाइलवर संशय घेण्यात गेले.

सायली, तुझ्याही सर्किटला सिम्युलेटरमध्ये टाकून बघ. छोटंसं आहे:

```
* dependent source check
V1 n1 0 12
Vx n1 n2 0
R1 n2 a 4
I1 0 a 3
R2 a b 2
H1 b 0 Vx 2
.op
.end
```

यात `Vx` हा शून्य व्होल्टचा सोर्स आहे. करंट मोजायला स्पाइसमध्ये आपण तोच टाकतो. तो सर्किटचं काही बिघडवत नाही, कारण शून्य व्होल्टचा सोर्स म्हणजे तार. मास्तरांनी अण्णांना जे सांगितलं, तेच इथे रोज वापरलं जातं. आता `I1` चा 3 पुसून 0 कर, मग तो परत आणून `V1` चा 12 पुसून 0 कर. ओळ काढून टाकायची नाही, आकडाच बदलायचा. `V1` ची ओळ काढलीस तर तिथे तार येत नाही, वाट तुटते. `H1` ला हात लावू नकोस.

सायली_नांदेड

ताई, करून पाहिलं. तिन्ही वेळा `a` नोडवर 9, 6 आणि 3 आले, `Vx` चा करंट 0.75, 1.5 आणि −0.75. आणि मुद्दाम `V1` ची ओळ काढून पाहिली, तर ix सरळ शून्य झाला.

तुषार_जे

तो शेवटचा मुद्दा माझ्याबाबतीत प्रॅक्टिकलमध्ये झालाय. डिपेंडंट सोर्स नव्हता, साधं सर्किट. डावीकडून 12 व्होल्ट आणि 1 किलो, उजवीकडून 9 व्होल्ट आणि 1 किलो, मधल्या नोडपासून ग्राउंडला 1 किलो. दोन्ही चालू असताना मध्ये 7 व्होल्ट आले, हिशोबाप्रमाणे. मग मी 9 चा पॉवर सप्लाय त्याच्या बटणाने बंद केला, वायर तशाच ठेवल्या. 4 यायला हवे होते, आले 6 च्या जवळ. 12 चा बंद केला तर 3 ऐवजी साडेचारच्या आसपास. बेरीज साडेदहाच्या घरात. मी रेझिस्टर बदलले, मल्टिमीटर बदलला, शेवटी जर्नलमध्ये "मानवी त्रुटी" लिहून सही घेतली. आज इतक्या वर्षांनी कळतंय, की बटण बंद केलेला सप्लाय म्हणजे तार नव्हे, तो जवळजवळ ओपनच होता.

जुने_मास्तर

अगदी तेच. 6 आणि साडेचार हे आकडेच सांगतात की बंद बाजू तुटलेली होती. आधी सप्लाय बंद करायचा, त्याच्या दोन्ही वायर सप्लायवरून काढायच्या आणि त्या वायरींची टोकं एकमेकांना जोडायची. सप्लाय जोडलेला ठेवून त्यावर तार टाकायची नाही. आणि नॉब शून्यावर फिरवून भागेल असंही नाही. बरेच बेंच सप्लाय करंट बाहेर देऊ शकतात, आत घेऊ शकत नाहीत. इथे तर दुसऱ्या बाजूचा करंट त्यात शिरायला बघतो.

अण्णा_वायरमन

वायर आधी काढून मग टोकं जोडायची, हे पटलं. माझा गैरसमज झाला होता. पण मुलांना क्रम नीट सांगा, आधी काढा मग जोडा.

सायली_नांदेड

पुढच्या आठवड्यात आम्हाला ऑप-ॲम्पने डिपेंडंट सोर्स करून हेच प्रॅक्टिकल करायचंय. तिथे ऑप-ॲम्पचे प्लस-मायनस 12 चे सप्लायही सोर्सच आहेत. एकेक सोर्स बंद करताना त्यांचं काय?

मेघना_पुणे

त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्याच जिवावर तुझा डिपेंडंट सोर्स 2ix चा नियम पाळतोय. ते गेले की नियमच गेला. मॉडेलच्या चित्रात ते दिसत नाहीत, कारण चित्रातला रोंबस म्हणजे ऑप-ॲम्प आणि त्याचे सप्लाय मिळून एक वस्तू आहे. रोहनला ऊर्जेचा प्रश्न पडला होता, तिचा उगमही हाच.

एक काळजी घे. नियम सरळ राहतो तो आउटपुट सप्लायच्या आत असेपर्यंतच. समज, उणे 10 गेनचा बेरीज करणारा ॲम्प्लिफायर आहे, इनपुट 2 व्होल्ट आणि −1.5 व्होल्ट. दोन्ही लावले की आउटपुट −5, छान. एकटा 2 लावला तर −20 हवा, पण तो उणे साडेदहा-अकराला जाऊन अडकतो. एकटा −1.5 लावला तर +15 हवा, तो वर तितक्यालाच अडकतो. बेरीज शून्याच्या आसपास! पूर्ण सर्किट सरळ वागतंय आणि तुकडे मात्र वागत नाहीत. मोजताना प्रत्येक तुकड्यात ऑप-ॲम्पचा आउटपुट आधी बघ, नुसता ix नको.

रोहन_७

एक राहिलंच. मी 2 च्या जागी r ठेवून सोडवलं तर ix = 6/(6 + r) येतं. r = −6 केला तर भागाकारात शून्य. तिथे सुपरपोझिशनचं काय होतं? 12 व्होल्टच्या तुकड्यात 12/(6 + r) आणि 3 अँपिअरच्या तुकड्यात −6/(6 + r), दोन्ही फुटतात.

जुने_मास्तर

तिथे त्या सर्किटला उत्तरच नाही, म्हणून तुकड्यांनाही नाही. प्रत्यक्षात बांधलंस तर मेघनाताईंनी सांगितलं तसं आउटपुट कुठल्यातरी टोकाला जाऊन बसेल. पण 12 व्होल्टचा 6 केलास तर गणित 0 = 0 असं होतं आणि कुठलाही ix चालतो. अशा ठिकाणी बांधलेलं सर्किट नेमकं कुठे स्थिरावेल, हे समीकरणावरून मला सांगता येत नाही. कोणी बेंचवर करून पाहिलंय का?

तुषार_जे

माझ्याकडे 741 आहेत. आकडे किलोओहम आणि मिलिअँपिअरमध्ये घेऊन रविवारी लावून बघतो. r आधी −3 ठेवेन, मग पॉटने हळूहळू −6 कडे नेईन. रीडिंग इथेच टाकतो.